अप्पांचा तुरा

तुऱ्याचा किस्सा मी आजवर किती वेळा सांगितला असेल, याचा हिशोब नाही. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या लांबच्या प्रवासात, बायकोच्या माहेरी तर दर दिवाळीला. त्यात मी अप्पांचा आवाज काढतो, डोक्यावर टॉवेलचा फेटा बांधतो आणि शेवटी हवेतून तुरा ओढून आणल्यासारखा हात वर नेतो. लोक हमखास हसतात. मेहुणा तर आधीच हसायला लागतो.

त्या किश्श्यात एक माणूस नसतो. तो खरं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथं होता. मीच त्याला काढलाय. आज त्याच्यासकट सांगतो. हसू येईल तिथं हसा, मला रोखता येणार नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी औरंगाबादला तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून केजला परतलो होतो आणि बसस्टँडसमोरच्या छपाईच्या दुकानात मशीनवर बसत होतो. 'मशीनवर' म्हणजे कॉम्प्युटरवर. गावात तेव्हा मोजून चार-पाच कॉम्प्युटर असतील आणि त्यातला एक माझ्या बोटांखाली होता. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, शाळेच्या स्नेहसंमेलनाची निमंत्रणं, सगळं मी जुळवायचो, बटर पेपरवर त्याची प्रिंट काढायचो आणि मालक ते बटर पेपर घेऊन छपाईला जायचे. लोक चहा घेऊन मागे उभे राहायचे आणि मी उंदीर, म्हणजे माउस, कसा फिरवतो ते बघायचे. मी तो मुद्दाम जरा जास्तच फिरवायचो.

दुकानाच्या पायरीवर एक पेंटर बसायचे. पन्नाशी उलटलेली, दाढीत पिवळा रंग कायमचा अडकलेला. सगळे त्यांना चाचा म्हणत. तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. जीपच्या, ट्रॅक्टरच्या नंबरांसाठी ते एक्स-रेच्या जुन्या फिल्मांमधून आकडे कापायचे. दवाखान्याच्या रद्दीतून आणलेल्या त्या फिल्मा अर्धवटच धुतलेल्या असायच्या. त्यामुळे कुणाच्या तरी फासळ्यांतून आठ कापलेला, कुणाच्या गुडघ्यातून तीन. साचा जीपवर ठेवायचा, स्पंजानं रंग टिपायचा, उचलायचा. आकडा उमटलेला, बाकी पत्रा कोरडा.

"चाचा, हे कोनाचं छाताड हाय?" मी विचारायचो.

"ज्याचं हाय तो बरा होऊन घरी गेला बेटा. म्हणून तर फिल्म रद्दीत आली."

चाचांचे गुडघे मात्र बरे होत नव्हते. शिडीवर दोन पायऱ्या चढले की खाली उतरून दम खायचे. आणि पाट्या तर उंचावरच रंगवाव्या लागतात. त्यातच मालकांनी जाहीर केलं की दिवाळीनंतर दुसरं मशीन घेणार. त्यावर बसायला माणूस लागणार. दोन दिवसांनी चाचा पायरीवरून उठून आत आले आणि मालकांना म्हणाले, "मालक, खुर्चीवर बसून करायचं काम हाय का हे? मग मला शिकवा. अक्षर मला कळतं. बटनं कळंत न्हाईत."

मालक कापडावर बारीक नक्षी बघणाऱ्या माणसासारखे त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "याला विचारा. हा शिकवील तर शिका. कार्तिकी पौर्णिमेच्या आत कपिलधारच्या यात्रेचं पोस्टर करायचंय. ते तुम्ही करून दाखवा. जमलं तर दुसरी खुर्ची तुमची."

चाचांना एवढंच हवं होतं. जमिनीवरची एक खुर्ची.

शिकवणी सुरू झाली. मला शिकवणी म्हणजे नाटकाचा प्रयोग, आणि प्रेक्षक हवेतच. दुपारी जीपवाले, शेजारचा फळवाला, टपालवाला असे जमायचे. मी बटर पेपरचे तीन कागद घेतले. पहिल्यावर धबधबा काढला, दुसऱ्यावर एक फेटेवाला माणूस, तिसऱ्यावर मोठी अक्षरं. तिन्ही एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले.

"चाचा, याला म्हणायचं लेयर. धबधबा खाली, माणूस मधे, अक्षरं वर. अक्षरं सरकवायची? वरचा कागद सरकवा. धबधब्याला धक्का लागतो का? न्हाई. माणूस नको? मधला कागद काढून ठेवा. परत पाहिजे? परत ठेवा."

चाचांनी कागद हातात घेतले, खालचा वर केला, वरचा खाली. "धबधबा वर आला तं मानूस त्याच्या मागं गेला. पन धूसर दिसतो की अजून."

"हा बटर पेपर हाय म्हणून. मशीनमधला कागद काचेवानी. जिथं काई काढलं न्हाई तिथून आरपार दिसतं, जिथं काढलं तिथं खालचं साफ झाकलं जातं."

"म्हंजे काचेवरची पेंटिंग. एकावर एक काचा."

"तसंच!"

अर्ध्या तासात चाचांना लेयर कळले. मला कोर्सात चार दिवस लागले होते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मग आली माणूस कापायची वेळ. पोस्टरवर मागे कपिलधारचा धबधबा आणि पुढे यात्रा कमिटीचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे गावातले कापडाचे जुने व्यापारी, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. त्यांचा फोटो कुठल्याशा लग्नातला, मागे मांडवाचा पडदा. तो पडदा घालवायचा आणि नुसते अप्पा धबधब्यापुढे उभे करायचे.

"हे घ्या खोडरबर," मी म्हणालो. "पडदा खोडत जा. खोडलं तिथून धबधबा दिसायला लागेल."

चाचांनी थोडं खोडलं. थांबले. "बेटा, चुकून अप्पाचा कान खोडला तं?"

"एक पाऊल मागं येता येतं. एकच."

"आनि दहा पावलांनी ध्यानात आलं तं?"

"मग गेला कान."

"पन साचा कापताना असं होत न्हाई रे. जादा कापलं तं टेप लावून भोक बंद करतो. कमी कापलं तं अजून कापतो. ज्याच्यावर रंग टाकायचा त्याला काई होत न्हाई, डब्यातल्या रंगाला बी काई होत न्हाई. जे काय होतं ते साच्यालाच. मशीनमंदी साचा न्हाई का?"

आता खरं सांगतो. मशीनमध्ये साचा होता. त्याला मास्क म्हणतात. तो शिकवला त्या दिवशी मी वर्ग बुडवून मॅटिनीला गेलो होतो. शब्द ऐकला होता, पुढचं काही माहीत नव्हतं. 'ठाऊक न्हाई, बघून सांगतो' एवढं म्हणायचं होतं. पण मागे जीपवाले, फळवाला, टपालवाला, सगळे चहाचे ग्लास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"चाचा," मी म्हणालो, "न्हाव्याकडं दाढी करता ना? मग केस परत चिकटवून घेता का?"

हशा झाला. फळवाल्यानं मांडीवर थाप मारली. चाचा जरा उशिरानं हसले, दाढीवरून हात फिरवत. मग खाली मान घालून पुन्हा खोडायला लागले.

त्यांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत मी कोर्सची वही काढली. मित्राकडून उतरवून घेतलेलं एक पान होतं: 'मास्क – पांढरं दाखवतं, काळं लपवतं.' एवढंच. शंभरदा वाचलं तरी डोक्यात शिरेना. तेव्हा चाचांचा एक साचा टेबलाखाली पडलेला दिसला. फासळ्यांतून कापलेला आठ. तो मी एका कागदावर ठेवला आणि शाईचं बोट फिरवलं. शाई भोकातून उतरली, बाकी ठिकाणी फिल्मवर राहिली. आणि भक्कन दिवा लागला. अप्पांचा पूर्ण फोटो म्हणजे डब्यातला रंग. धबधबा म्हणजे आधी रंगवलेली पाटी. मास्क म्हणजे दोन्हींच्या मधला साचा. मास्कमध्ये पांढरं ते भोक, तिथून अप्पा खाली उतरतात. काळं म्हणजे टेप लावलेली जागा, तिथं अप्पा उतरत नाहीत, खालचा धबधबा तसाच राहतो. करडा रंग दिला तर अप्पा अर्धेमुर्धे, विरळ रंग टिपल्यासारखे. आणि फोटोला ओरखडासुद्धा नाही. काळ्या ब्रशनं लपवायचं, पांढऱ्यानं परत आणायचं, आज, उद्या, महिन्यानं, कधीही. फक्त एक सांभाळायचं: ब्रश फोटोवर नाही, शेजारच्या मास्कच्या चौकटीवर टिचकी मारून मग फिरवायचा. नाहीतर अप्पांच्याच तोंडाला काळं लागतं. ते मी दोनदा लावलं.

मी खुर्चीवर बसून एकटाच हसलो. इतका आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता. उठून पायरीवर जायचं आणि 'चाचा, आहे साचा, तुमचंच खरं' म्हणायचं, एवढंच काम होतं. पायरी आठ पावलांवर होती.

मी गेलो नाही.

का गेलो नाही हे मी पुढं स्वतःला बऱ्याच वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. खरं कारण साधं आहे. आदल्या संध्याकाळी मालकांनी चाचांचं काम बघितलं होतं आणि मला म्हणाले होते, "बघ बे, हात बघ म्हाताऱ्याचा. तू कापलेला मानूस बटाटा सोलल्यावानी दिसतो." चाचांनी खोडरबरानं अप्पांची कड अशी घेतली होती की धोतराची चुणीसुद्धा जिवंत होती. फक्त डाव्या कानाच्या पाळीवर एक बारीक खाच पडली होती, उंदीर निसटल्यामुळे. आठ दिवसांच्या शिकणाऱ्याचा हा हात. मग मास्क हाती आल्यावर हा माणूस काय करील? आणि माझ्यामागे चहा घेऊन कोण उभं राहील?

एवढ्यावर थांबलो असतो तरी मी नुसता आळशी किंवा विसरभोळा ठरलो असतो. पण मी साचा माझ्या खणात टाकला आणि पुढचं केलं. चाचा नमाजाला गेले होते. अप्पांच्या मूळ स्कॅनची एक प्रत मशीनमध्ये होती. ती मी एका वेगळ्या नावानं, कुणाला सापडणार नाही अशा जागी ठेवली आणि मूळ जागेवरची पुसून टाकली. जागा कमी पडते म्हणून आम्ही तशाही जुन्या फायली पुसायचो, त्यामुळे कुणाला शंका येणार नव्हती. मग चाचांनी कापलेल्या अप्पांची बाहेरची कड मशीनकडून उचलून घेतली आणि त्याच आकाराचा मास्क माझ्या लपवलेल्या प्रतीला चढवला. दोन मिनिटांत चाचांची दिवसभराची मेहनत माझ्या फायलीत. कानाच्या खाचेसकट.

असं का केलं विचाराल, तर तेव्हा म्हणालो असतो की काळजी म्हणून, काही बिघडलं तर असावं. पण काही बिघडावं अशी मी वाट बघत होतो, हे मला माहीत होतं.

आणि बिघडलं. चाचांनी पोस्टर पूर्ण केलं. अक्षरं तर अशी बसवली की छापखान्याला लाज वाटावी. फक्त अप्पांच्या फेट्याचा तुरा वर जाऊन शीर्षकाच्या एका अक्षरात घुसत होता. नवख्यानं तो तसाच राहू दिला असता. चाचा पाटीवाले. त्यांना अक्षरात दुसरं काही घुसलेलं बघवेना. "अक्षराला श्वास पायजे," म्हणत त्यांनी तुरा खोडला, कड गोल केली आणि फाईल सेव्ह केली.

मी बघत होतो. ते गेल्यावर त्यांचं अख्खं पोस्टर माझ्या फायलीत उतरवलं आणि माझा मास्कही त्या नव्या गोल कडेनं पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा आले, कमिटीचे चारजण घेऊन. मालकांनी खुर्च्या पुसून दिल्या. चाचा धुतलेला सदरा घालून आले होते. पडद्यावर पोस्टर आलं. सगळे खूश. धबधबा खरोखर कोसळतोय असं वाटत होतं. अप्पा चष्मा काढून जवळ गेले, परत लावला, आणि त्यांचा आवाज चढला.

"माझा तुरा कुठंय?"

मालक पडद्याजवळ वाकले.

"तुरा! फेट्याचा तुरा! बोडकी कोंबडी केली की माझी! हे गावभर लावनार तुमी? लेकीच्या सासरची मान्सं येनार हायेत कपिलधारला!"

"अप्पा, अक्षरात जात व्हता तो..." चाचा म्हणाले.

"मग अक्षर सरकवा! तुरा आदी का अक्षर?"

मालकांनी मूळ फोटो मागितला. तो अप्पांनी सोलापूरच्या साडूकडं धाडून दिला होता. मालकांनी मूळ स्कॅन शोधला. नव्हता. पोस्टर दुसऱ्या दिवशी छपाईला जायचं होतं. चाचा पडद्याकडं बघत बसले होते आणि त्यांचा अंगठा उंदरावर उगाच हलत होता.

माझ्या किश्श्याचा हाच सर्वांत रंगतदार भाग. मी पुढे होतो, खाकरतो आणि म्हणतो, "मंडळी, तुरा गेला कुठं? लपलाय फक्त." माझी फाईल उघडतो. मास्कच्या चौकटीवर टिचकी मारतो, पांढरा ब्रश घेतो आणि अप्पांच्या डोक्यावर फिरवतो. तुरा येतो! बरोबर मांडवाचा पडदाही थोडा येतो. मग काळा ब्रश, पडदा गायब, तुरा उभा. अक्षर जरा डावीकडं सरकवतो. श्वासही राहिला, तुराही राहिला.

सगळं अगदी असंच घडलं. अप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली, पेढे मागवले. "पोरगं हुशार हाय," म्हणाले. कमिटीतले एक जण चाचांकडं बघून म्हणाले, "चाचा, तुमी आपले नंबरच टाका. हे तुमचं काम न्हवं." मालक हसले. मोठ्यानं नाही, पण हसले.

चाचा पडद्याजवळ सरकले होते. त्यांनी बोट वर केलं आणि काचेला न लावता अप्पांच्या डाव्या कानाशी धरलं. खाचेपाशी. मग माझ्याकडं वळून, फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "ये कान का काट तो मेरा है."

मी पेढा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

ते उठले. पायरीवरची पिशवी आवरली, डबे, स्पंज, फिल्मा. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "बेटा, माझा एक साचा राहिला का रे इथं? आठचा?"

"न्हाई चाचा," मी म्हणालो. साचा माझ्या गुडघ्यासमोरच्या खणात होता.

दुसरं मशीन आलं, त्यावर मालकांचा पुतण्या बसला. मी मालकांना खरं काय ते सांगणार होतो. आधी पौर्णिमा होऊ दे, मग मशीन येऊ दे, मग पुतण्या जरा रुळू दे, असं करत राहिलो. चाचा पायरीवर यायचे बंद झाले. कुणी म्हणालं आष्टीला मुलीकडं गेलेत, कुणी म्हणालं जीपस्टँडवर बसतात.

उन्हाळ्यात एकदा मी साचा वर्तमानपत्रात गुंडाळून जीपस्टँडवर गेलो. चाचा एका जीपच्या मागे उकिडवे बसून नंबर टाकत होते. शिडी लागत नाही असं तेवढंच काम उरलं होतं. मी शेजारी बसलो, साचा पुढं केला आणि न थांबता सगळं सांगायला लागलो. मास्क असतो, पांढरं दाखवतं, काळं लपवतं, तुमच्या टेपसारखंच, मला तेव्हा माहीत नव्हतं, दुसऱ्या दिवशी कळलं. चक्क बोटानं धुळीत चौकोन काढून शिकवत होतो. जणू पहिलाच धडा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू तुरा आनला तवाच समजलं मला. खाली पाटी, वर साचा, डब्यात रंग. लई सोपं हाय." मग स्पंज खाली ठेवत, "मी इचारलं तवा तुला ठाऊक न्हवतं. ठीक हाय. दुसऱ्या दिवशी ठाऊक झालं. मग कावून न्हाई सांगितलं?"

धुळीतला चौकोन मी तळहातानं पुसला. जीपचा ड्रायव्हर बोनेटवरून ओरडला, "चाचा, उरका की!"

चाचांनी आठचा साचा पत्र्यावर टेकवला. "धर. हलू देऊ नको," मला म्हणाले. मी दोन्ही हातांनी धरला. त्यांनी स्पंज टिपला, तीनदा, सावकाश. माझ्या बोटांना रंग लागला. साचा उचलला तेव्हा आठ स्वच्छ उमटला होता, कड कुठंही फुटलेली नाही.

मी साचा त्यांच्या पिशवीत घालायला लागलो, तर त्यांनी परत माझ्या हातात दिला. "मला दुसरा कापता येतो. तुला शिकवायला कामाला येईल." त्यात टोमणा होता का, मला आजही ठरवता येत नाही. आवाजात तरी नव्हता.

कामाला आला. पुढं मी बीडला माझे क्लास काढले आणि आजही मास्कचा धडा मी त्याच साच्यानं शिकवतो. बटर पेपरवर धबधबा काढतो, फासळ्यांतला आठ वर ठेवतो, स्पंज टिपतो. खेड्यापाड्यातून आलेली पोरं, ज्यांनी माउस पहिल्यांदा धरलेला असतो, त्यांनाही दहा मिनिटांत कळतं. मागच्या बॅचमधल्या एका मुलीनं विचारलं, "सर, ही स्टेन्सिलची आयडिया तुमची का?"

वर्ग माझ्याकडं बघत होता. मी मान डोलावली. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या थांबेपर्यंत उभा राहिलो.